अर्ज मराठीतला, वाचणारा रशियन

‘मी सहा पंपांची चाचणी पूर्ण केली.’ हे वाक्य लिहिणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे मराठी वाक्यातून कळत नाही. ‘केली’ हे क्रियापद चाचणीच्या मागे जातं, लिहिणाऱ्याच्या मागे नाही. नोकरीच्या अर्जात अशी वाक्यं ओळीने येतात आणि मराठी वाचकाला त्यात काहीच अडत नाही. हाच अर्ज रशियनमध्ये न्यायचा म्हटलं, की अनुवादक पहिल्याच ओळीला थांबतो. रशियन भूतकाळाचं क्रियापद एकवचनात नेहमी कर्त्याचं लिंग सांगतं. पुरुषाने लिहिलं तर ‘प्रोव्योल’, स्त्रीने लिहिलं तर ‘प्रोवेला’. तिसरी सोय नाही.

एक अर्ज डोळ्यांसमोर ठेवू. यांत्रिक शाखेतली एक अभियंता, पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आठ वर्षं पंप उभे करून चालू करून देण्याचं काम केलेली, एका रशियन कंपनीकडे अर्ज करते आहे. इंग्रजी माहितीपत्रक तयार आहे, पण कंपनीला सोबतचं पत्र रशियनमध्ये हवं आहे. अशा पत्राला तिकडे ‘सोप्रोवोदीतेल्नोये पिस्मो’ म्हणतात, म्हणजे सोबत जाणारं पत्र. ते अर्ध्या पानात, फार तर एका पानात संपावं अशी अपेक्षा असते. तिने मराठीत मसुदा लिहिला आहे आणि तो आपल्याकडच्या चांगल्या वळणाचा आहे: वर ‘माननीय महोदय’, मग विषय, मग ‘माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती’ आणि शेवटी ‘आपली विश्वासू’.

यातलं जवळजवळ काहीच शब्दशः नेता येत नाही. रशियन औपचारिक पत्राची सुरुवात माणसाच्या नावाने होते, आणि ते नाव दुहेरी असतं: स्वतःचं नाव आणि वडिलांच्या नावावरून बनलेलं पितृनाम. सेर्गेयच्या वडिलांचं नाव निकोलाय असेल तर तो सेर्गेय निकोलायेविच. त्याची बहीण असेल तर तिचं पितृनाम निकोलायेव्ना. पत्रात ‘उवाझायेमी सेर्गेय निकोलायेविच!’ असं लिहायचं, म्हणजे ‘आदरणीय सेर्गेय निकोलायेविच’. पुढे उद्गारचिन्ह येतं. आपल्याला ते ओरडल्यासारखं वाटतं, पण रशियन पत्रात तीच रीत आहे. स्त्रीला लिहिताना ‘उवाझायेमाया’. नावच माहीत नसेल तर ‘उवाझायेमिये कोल्लेगी!’, म्हणजे ‘आदरणीय सहकारी’, असं लिहिलेलं चालतं. सॉफ्टवेअर कंपन्यांत हल्ली नुसत्या पहिल्या नावानेही हाक मारतात. जुन्या कारखान्यात किंवा सरकारी उद्योगात मात्र पितृनाम गाळणं फारच सलगीचं वाटेल. पत्र एकाच व्यक्तीला असेल तर ‘आपण’ या अर्थाचं सर्वनाम, ‘वी’, मोठ्या अक्षराने लिहितात. अनेकांना असेल तर लहान अक्षराने.

‘सहानुभूतीपूर्वक’ हा शब्द तर सरळ काढूनच टाकावा लागतो. रशियनमध्ये ‘सोचूव्स्त्विये’ हा दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होण्याचा शब्द आहे. नोकरीच्या पत्रात तो दिसला तर वाचणारा गोंधळेल. तिथली रीत कोरडी आणि स्वच्छ आहे: ‘प्रोशू रास्मोत्रेत मोयू कांदिदातूरु ना दोल्झ्नोस्त इंझेनेरा पो पुस्कोनालादोच्निम राबोताम.’ म्हणजे, अमुक पदासाठी माझ्या उमेदवारीचा विचार करावा ही विनंती. ‘प्रोशू’ म्हणजे ‘विनंती करते’. एवढ्यात नम्रता पुरते. ‘आपली विश्वासू’च्या जागी ‘स उवाझेनियेम’, म्हणजे ‘आदरपूर्वक’, आणि खाली नाव. या साधेपणाने मराठी माणसाला अपुरं वाटतं आणि तो आणखी एखादं वाक्य घालू पाहतो. घालू नये.

आता पत्राच्या गाभ्याकडे वळू. मसुद्यात ओळ आहे: ‘सहा सेंट्रिफ्यूगल पंपांची चाचणी घेण्यात आली व ते कार्यान्वित करण्यात आले.’ कर्मणी प्रयोग आपल्या कार्यालयीन मराठीत इतका मुरला आहे, की लिहिणारीला तो नम्रतेचा वाटतो. रशियनमध्येही असा प्रयोग करता येतो, पण मग अधिकाऱ्याला हे काम कोणी केलं ते कळत नाही, आणि त्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून अनुवादक विचारतो: हे काम तुम्ही केलंत, की तुम्ही त्या चमूत होतात?

या प्रश्नाची उत्तरं रशियनमध्ये वेगवेगळ्या क्रियापदांत जातात. ‘प्रोवेला नालाद्कू शेस्ती नासोसोव’ म्हणजे सहा पंपांची जुळवणी मी केली आणि ती पूर्ण झाली. ‘प्रोवोदीला’ म्हणजे मी ते काम करत होते. पूर्ण झालं की नाही, याबद्दल हे क्रियापद काही सांगत नाही, आणि वारंवार करायच्या कामालाही तेच वापरतात. ‘उचास्त्वोवाला व नालाद्के’ म्हणजे जुळवणीच्या कामात माझा सहभाग होता. मराठीतलं ‘केलं’ या तिन्हींना पुरून उरतं. रशियन क्रियापदाची पूर्ण आणि अपूर्ण अशी दोन रूपं असतात आणि बोलणाऱ्याला दरवेळी त्यांतलं एक निवडावंच लागतं. आपल्या अभियंतेचं उत्तर असं आलं: सहांपैकी चार पंप तिने स्वतः जबाबदारी घेऊन चालू करून दिले, उरलेल्या दोनांत ती वरिष्ठाच्या हाताखाली होती. मग रशियन पत्रात दोन वाक्यं झाली. मूळ मराठी वाक्यापेक्षा ती खरी आहेत, आणि मुलाखतीत खोदून विचारलं तरी टिकतील.

कारखान्यातले शब्द हा पुढचा अडसर. पंपाचा दांडा आणि मोटरचा दांडा एका रेषेत आणणं, याला आपल्याकडे सगळे ‘अलाइनमेंट’ म्हणतात. शब्दकोशात शोधलं तर रशियन ‘विराव्निवानिये’ सापडेल, पण तो सपाट किंवा समतल करण्याचा शब्द. रशियन फिटर ‘त्सेन्त्रोव्का’ म्हणतो. मेकॅनिकल सीलला तिकडे ‘तोर्त्सोवोये उप्लोत्नेनिये’ म्हणतात, म्हणजे टोकाच्या पृष्ठभागावर बसणारं सील. ‘मेखानीचेस्कोये’ लिहिलं तरी अर्थ लागेल, पण वाचणाऱ्याला लगेच कळेल की लिहिणाऱ्याने पंप रशियन कागदांवरून ओळखलेला नाही. ‘प्रोजेक्ट’ हा शब्द सर्वांत फसवा. रशियन अभियांत्रिकीत ‘प्रोएक्त’ म्हणजे बहुतेक वेळा आराखड्यांचा आणि हिशेबांचा संच. त्यामुळे ‘प्रोजेक्ट इंजिनिअर’चा सैल अनुवाद झाला, तर साइटवर काम केलेली बाई आराखडे काढणारी ठरते. पदांचंही तसंच. ‘ग्लाव्नी इंझेनेर’ म्हणजे शब्दशः मुख्य अभियंता, पण तिकडे तो साऱ्या कारखान्याचा तांत्रिक प्रमुख असतो. ‘सीनिअर इंजिनिअर’साठी ‘स्तार्शी इंझेनेर’ पुरेसं आहे. मोठं दिसावं म्हणून वरचं पद लिहिणं धोक्याचं आहे.

शिक्षणाच्या ओळीतही सापळा आहे. आपल्याकडे डिप्लोमा म्हणजे पॉलिटेक्निकचा, पदवीच्या खालचा. रशियात ‘दिप्लोम’ म्हणजे कोणत्याही पदवीचं प्रमाणपत्र, विद्यापीठाचंसुद्धा. डिप्लोमा करून मग पदवी घेतलेल्या मुलीने दोन्ही तसेच लिहिले, तर दोन पदव्या असल्यासारखं वाचलं जातं. म्हणून पदवीपुढे ‘बाकालाव्र’ हा शब्द घालावा आणि पॉलिटेक्निकचं शिक्षण हे मधल्या पातळीचं व्यावसायिक शिक्षण असल्याचं स्पष्ट लिहावं.

आकड्यांची चूक मात्र मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण ती वाक्यात दिसत नाही. मसुद्यात पंपाचा प्रवाह ‘तासाला १,२५० घनमीटर’ असा लिहिला होता. रशियनमध्ये स्वल्पविराम दशांशचिन्हाचं काम करतो. तिथला अभियंता हा आकडा सव्वा घनमीटर असा वाचेल, म्हणजे हजारपट लहान. रशियन रीतीने हजारांनंतर नुसती मोकळी जागा सोडतात: १ २५०. उलट, कंपन सेकंदाला ७.१ मिलिमीटरवरून २.८ वर आणलं असेल, तर तिकडे ७,१ आणि २,८ असं लिहायचं. लाख आणि कोटी रशियनला ठाऊक नाहीत. २ कोटी रुपयांचं काम २० मिलियन रुपयांचं म्हणून लिहावं लागतं. भारतीय मानकाचा क्रमांक असेल तर तो तसाच ठेवावा. त्याजागी जवळपासचा रशियन ‘गोस्त’ क्रमांक टाकणं हा अनुवाद नाही, तो चुकीचा दावा आहे.

राहिलं नाव. मराठी माणसाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही रचना रशियन रचनेशी इतकी जुळते, की मधलं नाव सहज पितृनाम समजलं जातं. पण विवाहित स्त्रीच्या मधल्या नावाच्या जागी आपल्याकडे अनेकदा पतीचं नाव असतं. रशियन कागदात ते पितृनामाच्या रकान्यात गेलं, तर नवरा बाप ठरतो. त्या रकान्यापुढे बहुतेक अर्जांत ‘असल्यास’ असं छापलेलं असतं, तेव्हा तो रिकामा सोडता येतो. नावाची अक्षरं पासपोर्टवरून घ्यावीत आणि एकदा ठरलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक कागदावर तशीच ठेवावीत. रशियनमध्ये आपला ‘ह’ नाही. तो कधी ‘ख’सारख्या अक्षराने लिहितात, कधी गाळतात. नेहरूंचं ‘नेरू’ असंच झालं आहे. पत्रात एक आणि करारात दुसरं असं झालं, तर दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. आणखी एक बारकावा: जाधव हे आडनाव पुरुषाचं असेल तर रशियनमध्ये विभक्तीनुसार बदलतं, स्त्रीचं असेल तर बदलत नाही. क्रियापदं स्त्रीलिंगी आणि आडनाव पुरुषासारखं बदललेलं, असं पत्र निष्काळजी दिसतं.

रशियन न येणाऱ्यालाही यातलं बरंच तपासता येतं. पत्रातली क्रियापदं अनुवादकाकडून अधोरेखित करून घ्या आणि भूतकाळातली सगळी एकाच लिंगाची आहेत ना, ते विचारा. शेवटच्या ‘प्रश्नांची उत्तरं द्यायला आनंद होईल’ या वाक्यातही पुरुषासाठी ‘राद’ आणि स्त्रीसाठी ‘रादा’ असा फरक असतो, आणि ती चूक नेहमी तिथेच राहून जाते. आकडे मसुद्याशेजारी ठेवून एकेक जुळवा. मग रशियन जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाला मूळ मसुदा न दाखवता पत्र मराठीत सांगायला सांगा. त्याने सांगितलेलं काम तुमचं आहे का, ते पाहा.

अनुवादकाकडे जाताना नुसता मसुदा घेऊन जाऊ नका. पासपोर्टचं पहिलं पान, पदाची मूळ रशियन जाहिरात आणि तुम्ही हाताळलेल्या यंत्रांची यादी सोबत ठेवा. आणि ‘हे तुम्ही स्वतः केलंत का?’ असं त्याने विचारलं तर रागावू नका. जो अनुवादक हा प्रश्न विचारत नाही, त्याच्याकडून पत्र करून घेऊ नका.