रोझमेरी बुडते, सुकत नाही!

नोव्हेंबरात नर्सरीतून आणलेली रोझमेरी मे महिन्यापर्यंत एकदम मस्त असते. वीकेंडला पास्तात, बटाट्यात, ऑम्लेटमध्ये दोन काड्या पडतात, हात लावला की बोटांना वास येतो. मग जून उजाडतो, पाऊस सुरू होतो आणि जुलैअखेरीस तेच झाड तपकिरी, कडक, केरसुणीसारखं दिसायला लागतं. ‘अरेच्चा, सुकलं वाटतं!’ म्हणून आपण त्याला आणखी एक तांब्या पाणी घालतो. झालं! उरलीसुरली आशाही त्याच तांब्यात बुडते.

मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या कितीतरी बाल्कन्यांमध्ये दरवर्षी ही स्टोरी रिपीट होते. ‘आपल्याकडे हे झाड जगतच नाही’ किंवा ‘माझ्या हाताला गुणच नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण या झाडाला आपला पाऊस मारतो, त्याहून जास्त मारते ती त्या पावसात घेतलेली आपली काळजी. ती जरा कमी केली आणि माती बदलली, तर चित्र पुष्कळ पालटतं.

सुकल्यासारखं का दिसतं?

रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. तिथे पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा असतो कोरडा. फ्रान्समधल्या मार्सेला जुलै महिन्यात सरासरी २० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आपल्या सांताक्रूझला त्याच महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पडतो. शिवाय तिकडे ही झाडं डोंगरउतारावर, दगडगोट्यांत उगवतात. पाणी आलं की दगडांतून निघून जातं आणि मुळांना पुन्हा हवा मिळते.

हवा मिळणं, हाच इथला कळीचा मुद्दा आहे. मुळंसुद्धा श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि मग पायथियम किंवा फायटॉफ्थोरासारखे पाण्यात फोफावणारे बुरशीसारखे जीव त्यांच्यावर ताव मारतात. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही. म्हणजे कुंडी ओलीचिंब आणि झाड मात्र तहानलेलं! म्हणूनच बुडालेली रोझमेरी हुबेहूब सुकलेल्या रोझमेरीसारखी दिसते.

यात दमट हवा आणखी भर घालते. पानांतून पाण्याची वाफ होते तेव्हा झाड मातीतून नवं पाणी ओढतं. हवेतच ओल भरलेली असेल आणि ऊन नसेल, तर ही ओढ मंदावते. मे महिन्यात तीन दिवसांत सुकणारी तीच कुंडी जुलैत आठ-दहा दिवस ओली राहू शकते. आपलं पाणी घालायचं वेळापत्रक मात्र मे महिन्याचंच चालू असतं.

नक्की काय झालंय हे ओळखायला कुंडी उचलून बघा. झाड मरगळलेलं आणि कुंडी हलकी, तर त्याला खरंच पाणी हवंय. झाड मरगळलेलं, खालची पानं पिवळी किंवा काळपट आणि कुंडी जड, तर मुळं कुजताहेत. खात्री करायची असेल तर झाड मातीसकट हलकेच बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट आणि कडक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि आत नुसता दोरा उरतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. रोझमेरीची पानं सुईसारखी आणि चिवट असतात, त्यामुळे मुळं गेल्यावरही ती बरेच दिवस हिरवी दिसतात. पानं तपकिरी झाल्यावर धावपळ करून सहसा उपयोग नसतो.

माती कमी, खडे जास्त

नर्सरीतून झाड येतं ते बहुतेकदा काळ्या पिशवीत, चिकट लाल मातीत नाहीतर कोकोपीटमध्ये. कोकोपीट स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं. पुदिन्याला ते चालेल, रोझमेरीला पावसाळ्यात ते म्हणजे ओला टॉवेल गुंडाळून बसवण्यासारखं आहे.

तिच्यासाठी सोपं मिश्रण असं : विटांचे बारीक तुकडे दोन वाट्या, धुतलेली जाड रेती किंवा परलाइट एक वाटी, बागेतली माती एक वाटी आणि चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत एक वाटी. म्हणजे पाच वाट्यांत तीन वाट्या खडे. विटांचे तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे लहान हवेत. ते फोडले की पिठाच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडणारा चुरा सरळ टाकून द्या. हा चुराच पोकळ्या बुजवून सगळी मेहनत पाण्यात घालवतो. बांधकामाची बारीक वाळू याच कारणासाठी नको, आणि समुद्राची वाळू तर मिठामुळे अजिबात नको.

आता एक लोकप्रिय गैरसमज. ‘तळाशी खडीचा थर दिला की पाणी छान निघून जातं,’ असं सगळेच सांगतात. तसं होत नाही. कोणत्याही कुंडीत पाणी निथळून गेल्यावर मातीच्या तळाशी थोडा भाग चिंब राहतोच. तो किती उंच असेल हे माती किती बारीक आहे यावर ठरतं. खाली खडी घातली की हा चिंब थर खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. म्हणून खडे तळाशी नकोत, सगळ्या मातीत मिसळलेले हवेत. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवलात की पुरे.

कुंडी भाजलेल्या मातीची घ्या, कारण तिच्या भिंतींतूनही ओल उडते. झाडाच्या मुळांच्या गड्ड्यापेक्षा ती इंच-दोन इंचच मोठी असावी. मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते. खालची ताटली पावसाळ्यापुरती काढून टाका आणि कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवा.

हे कुंडी बदलण्याचं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उत्तम होतं. फारच उशीर झाला तर मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरका. ऐन पावसात दुखावलेली मुळं सावरण्याआधीच कुजण्याची भीती असते.

वारा खेळू द्या

दुसरा शत्रू वरून येतो. झाड दाट असेल आणि बाल्कनीचं स्लायडिंग बंद असेल, तर आतली पानं तासन् तास ओली राहतात. मग पानांवर पांढरी भुकटी दिसते किंवा मधल्या फांद्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरून पानं एकमेकांना चिकटतात आणि तपकिरी होतात. हे दोन्ही बुरशीचे प्रकार. झाड आतून तपकिरी व्हायला लागलं, तर आधी हीच शंका घ्या.

उपाय कात्रीत आहे. मेच्या मध्यावर आतल्या गर्दीतल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा आणि जमिनीलगतची तीन-चार बोटं पानं साफ करा. एकूण एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. पानं नसलेल्या जुन्या, लाकडासारख्या भागात तर कात्री लावूच नका, कारण तिथून रोझमेरीला सहसा नवा फुटवा येत नाही. कापलेल्या काड्या किचनमध्ये जातीलच!

मग जागा. वर छप्पर, समोर उजेड आणि आरपार वारा असा कोपरा शोधा. भिंतीपासून कुंडी वीतभर लांब ठेवा आणि शेजारच्या मनी प्लांटला जरा सरकायला सांगा. पावसाचे शिंतोडे येत असतील तर एक फूट आत घ्या, पण एकदम हॉलच्या अंधारात नको. उजेड कमी झाला की झाड पाणीही कमी पितं आणि गाडी पुन्हा तिथेच येते. वारा पडलेला असेल तर टेबल फॅन दोन-तीन तास लावला तरी पानं कोरडी होतात.

पाणी वजन करून!

‘दोन दिवसांनी एकदा’ असा नियम पावसाळ्यात विसरा. किचनमधला वजनकाटा काढा.

समजा, अंधेरीत चौथ्या मजल्यावर सहा इंचांच्या मातीच्या कुंडीत ही रोझमेरी आहे. रविवारी सकाळी तिला खालून पाणी निथळेपर्यंत भरपूर पाणी घातलं, अर्धा तास थांबून वजन केलं, ते आलं ३ किलो १०० ग्रॅम. हा आकडा कुंडीवर खडूने लिहून ठेवा. मग रोज ऑफिसला निघताना एकदा काट्यावर ठेवा. माती आत दोन इंचांपर्यंत कोरडी वाटते त्या दिवशी काटा २ किलो ७०० दाखवतो असं समजू. म्हणजे तुमच्या कुंडीचा ‘आता पाणी द्या’ हा आकडा २७००. मे महिन्यात तो तिसऱ्या दिवशी येईल, जुलैत कदाचित नवव्या दिवशी. तो येईपर्यंत हात लावायचा नाही, मग कितीही पाझर फुटो!

आठवडाभर हे केलंत की काट्याची गरज उरत नाही, कुंडी उचलल्यावर हातालाच कळतं. पाणी द्यायची वेळ आली की मात्र पुन्हा निथळेपर्यंत द्या, फक्त मुळाशी, आणि सकाळी. रोजचा अर्धा कप सगळ्यात वाईट, कारण त्याने माती कधीच नीट कोरडी होत नाही. खतही पावसाळाभर बंद. खताने येणारी लुसलुशीत पालवी बुरशीला आयती मेजवानी असते.

आणि तरीही गेलीच तर?

पुण्यात हे सगळं बरंच सोपं जातं. तिथला वर्षाचा पाऊस मुंबईच्या साधारण एक तृतीयांश आणि रात्री गार. कोकणपट्टीत मात्र सगळं नीट करूनही एखादं झाड जाईल. लॅव्हेंडरला हीच माती आणि हाच वारा लागतो, पण ती आणखी नाजूक. त्यातही इंग्लिश लॅव्हेंडर आपल्या दमट गरमीत फार कमी टिकते. पानांना दातेरी कडा असलेली फ्रेंच जात त्यातल्या त्यात सोसते.

म्हणून फेब्रुवारीतच इन्शुरन्स काढून ठेवा. फूल नसलेल्या शेंड्याच्या चार इंचांच्या पाच-सहा काड्या कापा, खालची अर्धी पानं काढा आणि परलाइट किंवा जाड रेतीत खोचा. रेती ओलसर ठेवा, चिंब नको. कुंडी उजेडात, पण उन्हाच्या तडाख्याबाहेर असू द्या. चार ते सहा आठवड्यांनी काडी हलकेच ओढून बघा, अडली तर मुळं धरली. जुलैत मोठं झाड कुजलेलं आढळलं, तरी त्याच्या एखाद्या हिरव्या शेंड्यावर हाच प्रयोग करता येतो. आधी साल नखाने खरवडा : खाली हिरवं असेल तर कात्री घ्या, तपकिरी असेल तर ती फांदी गेली असं समजा.