एक अंगावर, एक दोरीवर

मुंबईहून किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवर कन्याकुमारी गाठायला साधारण तीन आठवडे लागतात. पहिल्यांदाच निघणारा माणूस सहा-सात टी-शर्ट भरतो. खरं तर दोन जोड पुरतात, एक अंगावर आणि एक दोरीवर. शिवाय संध्याकाळी घालायला एक हलका शर्ट-पायजमा. अट एकच, संध्याकाळी धुतलेला कपडा सकाळपर्यंत वाळला पाहिजे.

सुती कपडा इथेच दगा देतो. कापसाचा धागा पाणी आत ओढून घेतो. पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणी जवळजवळ शिरतच नाही. ते धाग्यांमधल्या फटींत अडकतं, म्हणून पिळलं की बरंचसं निघून जातं.

गुहागरच्या लॉजवर पोहोचलात असं समजा. आंघोळ करतानाच कपडे अंगाच्या साबणाने धुवा. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा, कारण उरलेला साबण अंगाला खाजतो. आधी हाताने पिळा. मग कोरड्या पंचावर कपडा पसरा, दोन्हींची एकत्र गुंडाळी करा आणि तिला पीळ द्या. पंचा ओला होतो, कपडा नुसता दमट राहतो. तो बाहेर वाळत घालू नका. किनाऱ्यावर रात्री हवा दमट असते, वर दवही पडतं. खोलीत पंख्याखाली दोरी बांधा आणि दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा.

पॅडच्या चड्डीकडे मात्र जास्त लक्ष हवं. ती आतल्या कपड्याशिवाय घालतात, म्हणून रोज धुवावीच लागते. पॅड जाड असल्याने सर्वांत शेवटी वाळतं. उलटी करून वाळत घाला आणि सकाळी पॅड बोटांनी दाबून बघा. गार लागलं तर अजून ओल आहे. दमट शर्ट घालून निघालात तर तो वाऱ्याने अंगावरच वाळतो. ओलसर पॅडने मात्र कातडी सोलवटते आणि फोड येतात. अशा वेळी दुसरी चड्डी घाला, आणि ओली कॅरिअरवर, पॅड उन्हाकडे करून, चिमट्यांनी अडकवा. चिमटे चाकापासून लांब ठेवा.

आता ऊन. डिसेंबरात दक्षिणेकडे जाताना ते दिवसभर समोरून येतं. सकाळी डावीकडून, दुपारनंतर उजवीकडून. हँडलवरचे हात, मनगटाची वरची बाजू आणि गुडघ्यावरची मांडी सतत भाजते. लावलेलं सनस्क्रीन घामाने उतरतं, बाही उतरत नाही. म्हणून शर्ट पूर्ण बाह्यांचा, सैल आणि कॉलरचा घ्या. कापड उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसलं तर ऊनही आत येणार. लेबलवर यूपीएफ 50 असेल तर अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. मात्र तंग बाही कोपरावर ताणली की वीण उघडते आणि हे संरक्षण घटतं. तेव्हा दुकानात शर्ट घालून हात हँडलवर धरल्यासारखे पुढे करा. बाही मनगटापर्यंत पोहोचली आणि कोपरावर ताणली नाही, तर तो शर्ट घ्या.