मेंटेनन्सचा आकडा करारातच हवा

माझ्या भाचीने पुण्यात दोन खोल्या-किचनचा फ्लॅट भाड्याने घेतला, तेव्हा करार नोंदवायला एजंटचा मुलगा घरीच आला होता. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेलं अंगठ्याचं छोटं यंत्र आणि कॅमेरा. मसुदा तो भराभर वाचत होता. ‘सोसायटीचा मेंटेनन्स लिहून घेणार यांनी भरावयाचा आहे’ हे वाक्य आलं तेव्हा भाचीने विचारलं, "काका, मेंटेनन्स किती येतो?" मालक म्हणाले, "तीन हजार दोनशे. वर्षानुवर्षं तेवढाच आहे." ते खोटं बोलत नव्हते. तिने मान हलवली आणि यंत्रावर अंगठा टेकवला. भाडं बावीस हजार, मुदत २४ महिने, जून महिन्यापासून सुरू.

आकडा बोलण्यात आला होता, करारात नव्हता. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

मालक पूर्वी त्याच फ्लॅटमध्ये स्वतः राहत होते. त्यांच्या जुन्या बिलात सेवा शुल्क २,०००, पाणी ३००, दुरुस्ती निधी ६००, सिंकिंग फंड २०० आणि पार्किंग १०० असे मिळून ३,२०० रुपये होत. भाडेकरू आल्यावर सोसायटीने नियमाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावले. मालक किंवा त्यांच्या जवळच्या कुटुंबातलं कोणी फ्लॅटमध्ये राहत नसेल तर हे घेतले जातात, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. म्हणजे इथे २०० रुपये. पहिलंच बिल ३,४०० चं आलं. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत सिक्युरिटीचा खर्च वाढला म्हणून सेवा शुल्क २,६०० झालं, पाणी ४५० झालं, आणि सेवा शुल्क वाढलं म्हणून नॉन-ऑक्युपन्सीही २६० झाले. ऑक्टोबरपासून बिल ४,२१० रुपये. पुढच्या वर्षी लिफ्ट बदलायची ठरली आणि प्रत्येक फ्लॅटवर ९,००० रुपये एकरकमी बसले. मालकांनी सर्क्युलरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मेंटेनन्स तुमच्याकडे आहे ना.’

हिशोब मांडला तर असा होतो. पहिले चार महिने २०० रुपये जास्त, म्हणजे ८००. उरलेले वीस महिने १,०१० रुपये जास्त, म्हणजे २०,२००. त्यात लिफ्टचे ९,०००. दोन वर्षांत तीस हजार रुपये. भाडं घासाघीस करून ५०० ने खाली आणलं होतं, आणि मेंटेनन्सच्या वाटेने महिन्याला सरासरी १,२५० रुपये गेले.

यात सोसायटीची चूक नव्हती. सोसायटीचा संबंध सभासदाशी, म्हणजे मालकाशी. बिल त्यांच्याच नावाने निघतं आणि सभेत मत त्यांचंच असतं. दर वाढवायचे की नाही, लिफ्ट बदलायची की दुरुस्त करायची, हे ठरवताना भाडेकरूला हात वर करता येत नाही. ठरवणारे एक आणि भरणारा दुसरा, अशी ही रचना आहे. म्हणूनच ज्याला सभेत बसता येतं त्याने वाढ सोसावी आणि ज्याला बसता येत नाही त्याने ठरलेली रक्कम द्यावी, हे मला न्याय्य वाटतं.

बिलातल्या रकान्यांकडेही नीट पाहायला हवं. सेवा शुल्क म्हणजे वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, कार्यालयाचा खर्च. हे राहणाऱ्याच्या उपयोगाचं आहे, ते भाडेकरूने देण्यात काही गैर नाही. पण सिंकिंग फंड हा इमारतीच्या म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेला पैसा आहे. आदर्श उपविधींप्रमाणे तो फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का असतो. भाचीच्या ३,२०० पैकी ८०० रुपये या दोन निधींचेच होते. दोन वर्षं राहून जाणारी मुलगी दुसऱ्याच्या मालमत्तेची दरमहा तजवीज करत होती, आणि ‘मेंटेनन्स’ या एका शब्दाखाली ते दिसतही नव्हतं.

आता कायद्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लेखी लायसन्स करारात जे नमूद आहे तोच निर्णायक पुरावा धरला जातो. म्हणून तोंडी ‘तीन हजार दोनशे’ला किंवा व्हॉट्सॲपवरच्या ‘हो, तेवढाच’ला फार जोर राहत नाही. अंगठा दिल्यावर एखादं वाक्य बदलायचं तर पुन्हा दोघांची संमती आणि पुन्हा नोंदणी. शिवाय करारात लॉक-इन असेल तर बिल वाढलं म्हणून घर सोडून जायचीही सोय नसते.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऑनलाइन नोंदणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या तयार मसुद्यात कर, मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मालकाने भरायचे आणि विजेचं बिल भाडेकरूने, असंच असतं. एजंट मालकाशी बोलून ते वाक्य फिरवतो. त्यामुळे मसुदा अंगठ्याच्या दिवशी लॅपटॉपवर पाहून चालत नाही, दोन दिवस आधी मागून घ्यावा. त्याबरोबर सोसायटीची मागच्या वर्षभरातली बिलं मागावीत. एक बिल पुरत नाही, कारण वाढ कधी आणि किती झाली ते वर्षभराचीच बिलं सांगतात. ‘मागील थकबाकी’ आणि ‘व्याज’ या ओळी कोऱ्या आहेत का ते पाहावं. नाहीतर मालकाची जुनी उधारी नव्या बिलात मिसळून येते. खाली वॉचमनच्या टेबलाजवळचा सूचना फलकही वाचावा. रंगकाम, लिफ्ट, गळती, टाकीची दुरुस्ती यांची चर्चा चालू असेल तर तिथे कागद लागलेला असतो.

नव्या इमारतीत वेगळा धोका आहे. तिथे सोसायटी स्थापन झालेली नसते आणि बिल्डरने ताबा देताना वर्ष-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतलेला असतो. मालक खुशीत सांगतात की मेंटेनन्स नाहीच. ती आगाऊ रक्कम तुमच्या मुदतीच्या मध्यात संपते आणि मग पहिलं बिल येतं. अशा घरासाठीही करारात लिहून घ्यावं लागतं की मुदतभर मेंटेनन्सपोटी काहीही देय नाही.

मालकाकडे मागायचं वाक्य कसं असावं? भाचीने दुसरं घर घेताना मी तिला हे लिहून दिलं होतं:

‘सदर मिळकतीच्या सोसायटी मेंटेनन्सपोटी लिहून घेणार हे लिहून देणार यांना दरमहा रु. ३,५०० इतकी ठरीव रक्कम भाड्यासोबत देतील. कराराच्या संपूर्ण मुदतीत या रकमेत कोणत्याही कारणाने वाढ होणार नाही. सोसायटीने केलेली दरवाढ, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, निधी, रंगकाम, लिफ्ट वा इतर कामाची एकरकमी वर्गणी, तसेच मागील थकबाकी व व्याज यांची जबाबदारी लिहून देणार यांची राहील. यापैकी कोणतीही रक्कम अनामत रकमेतून वळती केली जाणार नाही. वार्षिक वाढ फक्त भाड्यावर लागू होईल.’

शेवटची दोन वाक्यं लोक गाळतात आणि तिथेच फसतात. वाढीव मेंटेनन्स महिन्याला मागितला नाही तरी घर सोडताना ‘फरक’ म्हणून डिपॉझिटमधून कापला जातो, आणि तेव्हा भांडायला भाडेकरूच्या हातात काही उरलेलं नसतं. ‘भाड्यासोबत’ हा शब्दही महत्त्वाचा आहे. पैसे मालकाला द्यावेत, थेट सोसायटीला नाही. सोसायटीला भरायला लागलात की दर महिन्याचं बिल तुमच्या हातात पडतं आणि त्यावरचा आकडा तुमचाच होऊन बसतो.

मालक एकच आक्षेप घेतात, आणि तो प्रामाणिक असतो. भाचीच्या दुसऱ्या घराचे मालक म्हणाले, "अगं, दर सोसायटी ठरवते. माझ्या हातात काय आहे?" तिने उत्तर दिलं, "काका, सोसायटी तुम्हाला जे लावेल ते लावेल, त्यात मी कशी पडणार? मी तुम्हाला किती द्यायचं, तेवढंच आपण लिहूया. सध्याचं बिल ३,३०० आहे, मी ३,५०० देते." हे २०० रुपये तिने विचार करूनच देऊ केले होते. दोन वर्षांचे ४,८०० होतात, पण मालकालाही वाढीची थोडी सोय मिळाली आणि तिला शेवटपर्यंतचा आकडा कळला.

मालक तरीही अडले तर मेंटेनन्स भाड्यातच मिळवून एकच रक्कम लिहावी आणि त्यात मेंटेनन्स समाविष्ट असल्याचं नमूद करावं. पहिल्या घराच्या आकड्यांनी पाहा. भाडं २५,२०० लिहिलं असतं तर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सुमारे १९७ रुपयांनी वाढलं असतं, आणि दुसऱ्या वर्षीची पाच टक्के वाढ मेंटेनन्सवरही लागून १,९२० रुपये जास्त गेले असते. तीस हजारांसमोर एकवीसशे रुपये. एका बाबतीत मात्र मालकाचं म्हणणं मला पटतं, ते म्हणजे उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर. पाणी राहणारा वापरतो. ती रक्कम पूर्ण मालकावर टाकण्याऐवजी ‘टँकरपोटी महिन्याला जास्तीत जास्त ३०० रुपये’ असं लिहिलं की दोघांचं भागतं.

हे दुसरं घर घेऊन वर्ष होत आलं तेव्हा तिथल्या सोसायटीने बाहेरच्या रंगकामासाठी प्रत्येक फ्लॅटकडून १२,००० रुपये मागितले. काकांनी सर्क्युलरचा फोटो भाचीला पाठवला. तिने कराराचं ते पान फोटो काढून परत पाठवलं. दिवसभर काहीच उत्तर आलं नाही. संध्याकाळी काकांचा फोन आला, "हो गं, माझ्या ध्यानात नव्हतं. परांचीवाले सोमवारपासून येणार आहेत, तेवढी गॅलरीतली कुंड्या-बिंड्या आत घे."