सेट-टॉप बॉक्स चालू, तरी पडद्यावर No Signal

टीव्हीवर No Signal ही अक्षरे दिसली, की बहुतेक घरांत पहिला संशय छत्रीवर किंवा केबलवाल्यावर जातो. पण हा संदेश सेट-टॉप बॉक्सकडून आलेला नसतो, तो खुद्द टीव्ही दाखवत असतो. टीव्हीच्या ज्या जोडणीकडे त्या क्षणी लक्ष आहे, तिथून कोणतेही चित्र येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. छत्रीकडून सिग्नल येत नसेल, तर बॉक्स स्वतःची पाटी पडद्यावर आणतो. तिच्यात बहुधा कंपनीचे नाव, एरर क्रमांक किंवा ग्राहकसेवेचा फोन नंबर असतो. मुसळधार पावसात दिसते ती ही पाटी. ती दिसली, म्हणजे बॉक्स आणि टीव्ही यांच्यातली जोडणी ठीक आहे आणि दोष त्याच्या अलीकडे, छत्रीत किंवा तिच्या वायरीत आहे. याउलट, टीव्हीचा कोरा No Signal दिसत असेल तर छपरावर चढण्याआधी टीव्हीची मागची बाजू पाहावी.

तिथे बाहेरून चित्र आत घेणारी अनेक तोंडे असतात. चपटे, खालचे दोन कोपरे तिरके कापलेले तोंड HDMI चे. एका टीव्हीला अशी दोन-तीन तोंडे असतात आणि प्रत्येकाशेजारी HDMI 1, HDMI 2 असे छापलेले असते. जुन्या पद्धतीची पिवळी, लाल आणि पांढरी पिन लागते ती AV मध्ये. पिवळ्या पिनेतून चित्र येते, लाल-पांढऱ्यातून आवाज. अँटेनाच्या गोल तोंडासाठी यादीत TV हे नाव असते. टीव्ही एका वेळी यांपैकी एकाच तोंडातून येणारे चित्र पूर्ण पडद्यावर दाखवतो. ते कोणते, हे ठरवणे म्हणजेच सोर्स निवडणे.

एका नेहमीच्या घरातले उदाहरण घेऊ. बॉक्स HDMI 2 ला जोडलेला आहे. रात्री मुलांनी पेनड्राइव्हवरचा सिनेमा पाहिला आणि नंतर सोर्स बदलताना HDMI 1 वर थांबून टीव्ही बंद केला. सकाळी आजींनी टीव्ही लावला, बॉक्सचा हिरवा दिवाही लागला, पण पडद्यावर No Signal. बॉक्स चित्र पाठवतो आहे, टीव्ही मात्र रिकाम्या तोंडाकडे पाहतो आहे. बॉक्सच्या रिमोटवर कितीही चॅनेल बदलले तरी इथे काही घडत नाही.

अशा वेळी आधी बॉक्सकडून निघालेली वायर टीव्हीच्या कोणत्या तोंडात शिरते ते पाहावे आणि तिथले नाव वाचावे. मग टीव्हीचा रिमोट घ्यावा. त्यावर Source किंवा Input असे लिहिलेले, किंवा चौकोनात शिरणाऱ्या बाणाचे चित्र असलेले बटण असते. ते दाबल्यावर पडद्यावर नावांची यादी येते. बाणाच्या बटणांनी HDMI 2 वर जाऊन OK दाबावे आणि काही सेकंद थांबावे, कारण चित्र उमटायला तेवढा वेळ लागतो. घाईने पुन्हा पुन्हा बटण दाबले, तर योग्य सोर्स मागे पडून पुढचाच निवडला जातो. स्मार्ट टीव्हीत ही यादी होम स्क्रीनवरही सापडते.

योग्य सोर्स निवडूनही No Signal राहिले, तर बॉक्सचा दिवा नीट पाहावा. अनेक बॉक्समध्ये लाल दिवा म्हणजे वीज पोहोचली आहे, पण बॉक्स झोपलेला आहे. त्याच्याच रिमोटचे पॉवर बटण दाबले, की दिव्याचा रंग बदलतो आणि चित्र येते. दिवा ठीक असेल, तर टीव्ही आणि बॉक्स दोन्ही मेन स्विचवरून बंद करून HDMI वायरीची दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवावीत. साफसफाई करताना टीव्ही सरकला, की ही वायर हमखास ढिली होते.

तरीही चित्र न आल्यास टीव्हीकडचे टोक दुसऱ्या HDMI तोंडात लावावे आणि सोर्सही त्याच क्रमांकाचा करावा. दुसरी गोष्ट विसरली, तर ही चाचणी फसवी ठरते. चित्र आले, तर आधीचे तोंड बिघडले आहे. नाही आले, तर शेजारची किंवा नवी वायर लावून पाहावी. तिनेही काम झाले नाही आणि त्याच तोंडावर दुसरे एखादे उपकरण व्यवस्थित दिसत असेल, तर बॉक्सच बिघडला असण्याची शक्यता अधिक. तक्रार नोंदवण्याची वेळ तेव्हा येते, आणि तक्रारीत No Signal ही पाटी टीव्हीची आहे की बॉक्सची, हे सांगितले तर दुरुस्तीला येणाऱ्याला नेमके कुठे पाहायचे ते आधीच कळते.