चौघांचा प्रोजेक्ट, एकट्याचा रेझ्युमे

अंतिम वर्षाचा निकाल जवळ आला की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वर्ड फाइल फिरू लागते. कुणातरी सिनियरचा रेझ्युमे असतो तो. नाव, कॉलेज आणि टक्के बदलले की प्रत्येकाचा आपापला रेझ्युमे तयार! सिनियरच्या चुकाही मग आपसूक पुढच्या बॅचकडे येतात. करिअर समुपदेशकांना त्यातल्या पाच जागोजाग भेटतात.

पहिली अगदी वरच असते. ‘नामांकित संस्थेत माझ्या कौशल्यांचा वापर करून संस्थेची आणि स्वतःची प्रगती साधणे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. ते कुणाच्याही कागदावर खपतं, म्हणून ते कुणाबद्दलच काही सांगत नाही. अमेरिकेतल्या ‘लॅडर्स’ या नोकरीविषयक कंपनीने 2018 साली भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा एका रेझ्युमेवर पहिली नजर सरासरी 7.4 सेकंदच टिकते असं आढळलं. एवढ्या वेळात वाचली जाणारी जागा अशा वाक्यावर घालवणं परवडत नाही. तिथे दोन ओळी पुरतात: शिक्षण कशाचं, हातात कोणतं काम आहे आणि कोणत्या पदासाठी अर्ज आहे.

दुसरी चूक तळाशी. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, आणि शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. सरकारी भरतीच्या अर्जात हे मागितलं जातं, तिथे ते भरावंच. खासगी कंपनीच्या रेझ्युमेत मात्र त्याची गरज नसते.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते प्रोजेक्टच्या रकान्यात. अनुभव नसलेल्या मुलाने प्रत्यक्ष काय केलं, हे कळायची ती जवळपास एकमेव जागा. इलेक्ट्रॉनिक्सच्या एखाद्या विद्यार्थिनीचं उदाहरण घेऊ. ती लिहिते, ‘आयओटीवर आधारित स्मार्ट सिंचन प्रणाली’. बस्स. हा झाला विषय, आणि तो दर वर्षी कितीतरी कॉलेजांत निवडला जातो. चौघांच्या गटात तिने काय केलं, ते कुठेच नाही.

तिच्याशी बोलत बसलं की खरी गोष्ट बाहेर येते. मातीतला ओलावा मोजून पंप चालू-बंद करणारा सर्किटचा भाग तिच्याकडे होता. स्वस्तातला दोन धातूच्या पायांचा सेन्सर मातीत रोवून ठेवल्यावर काही दिवसांत आकडे भरकटू लागले. सतत वीज वाहत राहिल्याने ओल्या मातीत ते पाय गंजत होते. मग तिने धातू उघडा न राहणारा कपॅसिटिव्ह सेन्सर लावला, कोरड्या आणि भिजलेल्या मातीत ठेवून त्याचे आकडे पुन्हा जुळवले, आणि वाचन स्थिर झालं.

हे सगळं रेझ्युमेत तीन ओळींत मावतं: ‘चौघांच्या गटात सेन्सर आणि पंप-नियंत्रणाची जबाबदारी. आर्डुइनो उनो आणि रिले वापरून ओलाव्यानुसार पंप चालवला. गंजामुळे चुकणारा सेन्सर बदलून कपॅसिटिव्ह सेन्सर बसवला व त्याचं कॅलिब्रेशन केलं.’ आता मुलाखत घेणाऱ्याला विचारायला काहीतरी हाती लागतं, आणि उत्तर तिच्याकडे तयार असतं, कारण ते तिने स्वतः केलेलं आहे. मोजलेला आकडा असेल तर तो जरूर द्यावा. नसेल तर ‘पाण्याची 40 टक्के बचत’ असं ठोकून देऊ नये, ‘कशी मोजली?’ या पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

चौथी चूक याच्याच शेजारची. सी, जावा, पायथन, मॅटलॅब, एक्सेल अशी कौशल्यांची लांबलचक रांग आणि प्रत्येकापुढे भरलेली पट्टी. पायथन ‘80 टक्के’ येतं म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येणार नाही. जे प्रोजेक्टमध्ये किंवा इंटर्नशिपमध्ये खरोखर वापरलं, तेवढंच ठेवावं. नुसतं सिलॅबसमध्ये होतं ते गाळावं. जाहिरातीत मागितलेलं एखादं कौशल्य असेल, तर ते त्याच शब्दांत आणि वरच्या बाजूला यावं, कारण शोधणारा तोच शब्द टाकून शोधतो.

आणि हा शोध बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर घेतं. पाचवी चूक तिथे नडते. मोठ्या कंपन्या आणि नोकरीची संकेतस्थळं आलेल्या फाइलमधला मजकूर उचलून नाव, शिक्षण, कौशल्यं अशा रकान्यांत टाकतात. दोन कॉलम, तक्ते आणि चित्रं असलेल्या आकर्षक टेम्प्लेटमध्ये हा मजकूर कधीकधी उलटसुलट होतो. रेझ्युमे चित्र म्हणून सेव्ह झाला असेल, तर सॉफ्टवेअरच्या हाती काहीच लागत नाही. तपासणं सोपं आहे. पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडावा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. मजकूर निवडताच येत नसेल, तर ते चित्र आहे. डाव्या कॉलममधला फोन नंबर उजवीकडच्या पदवीच्या मधोमध घुसला असेल, तर एका कॉलमचा साधा आराखडा घेऊन तोच मजकूर पुन्हा मांडावा, आणि पीडीएफ केल्यावर ही नोटपॅडची तपासणी पुन्हा एकदा करावी.