खुर्चीतून उठताना येणारी कळ : माकडहाडाचे दुखणे

पुसदमधील एका पतसंस्थेत लेखनिक असलेल्या आमच्या ओळखीच्या एक आपा सात महिने एक दुखणे लपवून होत्या. मार्चअखेरचे हिशेब सुरू झाले, संगणकासमोर सलग नऊ-दहा तास बसणे आले आणि मग ते लपवता येईना. दुखणे कंबरेत नव्हते, पायातही नव्हते. बसल्यावर अगदी तळाशी, दोन्ही नितंबांच्या मधल्या फटीच्या वरच्या टोकाला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखायचे. जागा अशी, की घरात सांगायचा संकोच आणि पुरुष डॉक्टरांना दाखवायचा त्याहून अधिक. म्हणून औषधाच्या दुकानातून "कंबरदुखीच्या" गोळ्या आणणे एवढाच इलाज चालला होता.

ही जागा म्हणजे माकडहाड. पाठीचा कणा खाली संपतो तिथे तीन ते पाच लहान मणक्यांचे हे टोकदार हाड असते. या जागेच्या दुखण्याकडे कार्यालयात बसून काम करणारे लोक हमखास दुर्लक्ष करतात, कारण उभे राहिले, चालले की ते जवळजवळ नाहीसे होते. खरे तर तीच त्याची ओळख आहे.

आपण ताठ बसतो तेव्हा शरीराचा भार नितंबांखालच्या दोन गोलसर हाडांवर असतो. पुढे झुकलो तर तो मांड्यांवर सरकतो. पण दुपारनंतर थकवा येतो, माणूस खुर्चीत पुढे घसरतो, पाठ गोल होते आणि मान तेवढी संगणकाकडे राहते. या बैठकीत भार मागे सरकतो आणि माकडहाडाला तिसऱ्या पायासारखे टेकावे लागते. खुर्ची प्लास्टिकची किंवा लाकडी असेल, तर मध्ये आधाराला काहीच नसते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकदाही न उठता असे बसले, की तिथले सांधे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या शिरा सुजतात.

पण त्याच कार्यालयात, तशाच खुर्चीवर बसणाऱ्या इतरांना हा त्रास नव्हता. मग आपांनाच का? यवतमाळच्या एका अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी दोन प्रश्न विचारले. पहिला : कधी बुडावर पडला होतात का? आपांना आठवेना. सोबतच्या सासूबाईंनीच आठवण दिली, की आदल्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरून त्या पडल्या होत्या आणि आठवडाभर कुशीवर झोपल्या होत्या. दुसरा प्रश्न : वजन वाढले का? नोकरी लागल्यापासून बरेच वाढले होते.

माकडहाड पूर्ण स्थिर नसते. बसताना ते थोडे वाकते आणि उठल्यावर जागेवर येते. मार लागून त्याचा सांधा सैल झाला, तर ही हालचाल मर्यादेबाहेर जाते. वजन जास्त असलेल्या व्यक्तीचा कटिभाग बसताना पुरेसा मागे वळत नाही. त्यामुळे माकडहाड खुर्चीवर उभे टेकते आणि मागे सरकते. उठताना ते परत जागेवर येते, आणि त्याच क्षणी सुरी लागल्यासारखी कळ येते. बसून असताना दुखते त्यापेक्षा उठताना जास्त दुखत असेल, तर संशय याच कारणाचा घ्यावा. अगदी सडपातळ माणसांतही हे दुखणे होते, पण तिथे कारण वेगळे : हाडाखाली चरबीची गादीच नसते आणि टोक त्वचेला टोचत राहते. स्त्रियांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त दिसतो. बाळंतपणातही या हाडाला इजा होऊ शकते.

आपांचा एक एक्स-रे आधी निघाला होता आणि "काही नाही" असा निकाल मिळाला होता. तो झोपवून काढलेला होता. झोपल्यावर हाड जागेवरच असणार, मग दिसणार काय? डॉक्टरांनी बाजूने दोन एक्स-रे काढले, एक उभे राहून आणि दुसरा दुखते तसे बसून. दोन्ही शेजारी धरल्यावर बसलेल्या चित्रात हाडाचा तुकडा मागे सरकलेला स्पष्ट दिसला. मात्र नुसते "हाड वाकडे आहे" यावरून घाबरू नये. निरोगी माणसांतही त्याचा आकार वेगवेगळा असतो.

उपचार साधे निघाले. आपा मधोमध भोक असलेली गोल गादी वापरत होत्या. त्या गादीत माकडहाडाजवळचा मागचा काठ तसाच राहतो आणि दाब तिथेच पडतो. त्याऐवजी गावातल्या गादीवाल्याकडून तीन इंच जाडीचा कडक फोम घेऊन, मागच्या काठाच्या मध्यभागी चार बोटे रुंद खाच पाडून घेतली. माकडहाड त्या खाचेवर अधांतरी राहते. मऊ फोम वजनाने दबतो आणि खाचेचा उपयोग राहत नाही. गादीमुळे बैठक उंच होऊन पाय लोंबकळू लागले, म्हणून पायाखाली पाट ठेवला. दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे उभे राहायचे ठरले. उठताना आधी खुर्चीच्या काठावर सरकायचे, कंबरेतून पुढे झुकायचे, भार पायांवर घ्यायचा आणि मग उठायचे. बद्धकोष्ठ असेल तर कुंथताना याच जागेवर ताण येतो, म्हणून पाणी आणि पालेभाज्या वाढवल्या. सूज उतरवणाऱ्या गोळ्या दहा दिवसच दिल्या. आम्लपित्त, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

नमाजमध्ये कादा करताना आपा दोन्ही पाय एका बाजूला काढून नितंब जमिनीवर टेकवून बसत आणि तिथेही कळ येई. आजारी माणसाला बसण्याची रीत बदलण्याची, गरज पडल्यास खुर्ची घेण्याची सवलत आहे. आपल्या मसलकाप्रमाणे आलिमांना विचारून ती घ्यावी, दुखणे वाढवू नये.

पहिल्या तीन आठवड्यांत फारसा फरक पडला नाही. त्या टप्प्यावर पुष्कळ जण कंटाळून सोडून देतात. दोन महिन्यांनी उठतानाची कळ कमी झाली, चौथ्या महिन्यात पूर्ण दिवस बसता येऊ लागले. बहुतेकांना एवढ्यावरच आराम पडतो. न पडल्यास कटितळाचे आखडलेले स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी, नंतर त्या जागी इंजेक्शन आणि अगदी शेवटी क्वचित शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. हाड बसवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती मात्र ही जागा देऊ नये.

काही खुणा मात्र वेगळ्या आजाराच्या असतात. त्या जागी गाठ, लाली किंवा पू दिसत असेल तर ते केसांमुळे होणारे नाडीव्रण असू शकते. दुखणे नितंबातून पायात उतरत असेल तर मूळ बहुधा कंबरेत असते. रात्री झोपेतही दुखणे, ताप, वजन घटणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यांपैकी काही असेल तर उशीर न करता रुग्णालय गाठावे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे. तिथे जाताना दोन वाक्ये पाठ ठेवावीत : "कंबर नाही, माकडहाड दुखते" आणि "बसून एक्स-रे काढता येईल का?"

आपांची खाचेची गादी आता कार्यालयातच असते. मागच्या महिन्यात शेजारच्या टेबलावरील रोखपाल बाईंनी हळूच विचारले, "ही कुठे करून घेतली?" त्याही वर्षभर दुखणे लपवत होत्या.