झाडाची साक्ष

18 डिसेंबर 1960. नागपूरहून पांढुर्ण्याकडे एक मोटार चालली होती. रस्ता सरळ होता आणि दोन्ही बाजूंना शेतं होती. ही गाडी आपली बाजू सोडून उजवीकडे गेली, रस्त्याच्या पार कडेला पोचली आणि एका झाडावर आदळली. दणका असा होता की झाड उखडलं आणि गाडीचं इंजिन जागेवरून फूटभर मागे सरकलं. गाडी एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची होती आणि चालवत होता त्याच कंपनीचा मॅनेजर. त्याच्याबरोबर बसलेला प्रवासी या अपघातात गेला. त्याच्या पत्नीने आणि मुलांनी भरपाईचा दावा लावला, तो मॅनेजरच्या कंपनीवर.

मी हा खटला पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो ते इथेच. कंपनीचं काय चुकलं होतं? ती काही स्टिअरिंगवर बसली नव्हती. या माणसाला गाडीत घ्या असंही तिने सांगितलं नव्हतं. आपल्या रोजच्या समजुतीप्रमाणे ज्याने केलं त्याने भरावं. दिवाणी कायदा मात्र इथे एक विलक्षण उडी घेतो. नोकराने कामाच्या ओघात हयगय केली आणि त्यातून तिसऱ्याचं नुकसान झालं, तर मालकाची स्वतःची कणभरही चूक नसताना त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते. नोकर त्यातून सुटत नाही. दोघंही जबाबदार असतात, आणि नुकसान झालेला माणूस पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. याला प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. यामागचा विचार मला फार सरळ वाटतो. ज्याच्या धंद्यासाठी गाडी रस्त्यावर आली आणि ज्याला त्या फेरीचा नफा मिळणार, त्या फेरीतला धोकाही त्याचाच. वाटेवरच्या तिऱ्हाइताने तो का सोसायचा?

पण मग मालक म्हणेल, ‘मी त्याला तसं करू नको म्हणून बजावलं होतं.’ हा बचाव किती टिकतो, हे लंडनमधल्या एकाच बस कंपनीच्या दोन खटल्यांत फार सुंदर उलगडतं. 1862 चा पहिला खटला घोड्यांच्या बसचा. कंपनीने आपल्या चालकांना लेखी ताकीद दिली होती की दुसऱ्या बसशी शर्यत लावायची नाही, तिची वाट अडवायची नाही. एका चालकाने नेमकं तेच केलं. मागून पुढे जाऊ पाहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बससमोर त्याने आपली बस आडवी घातली आणि त्या बसचं नुकसान केलं. कंपनीने ताकीद पुढे केली, तरीही तिला भरपाई द्यावी लागली. बस चालवणं हे त्याचं कामच होतं. ते त्याने वाईट रीतीने, मनाई झुगारून केलं एवढंच. 1900 मधल्या दुसऱ्या खटल्यात फेरी संपल्यावर कंडक्टरनेच बस वळवून आणायला घेतली आणि एकाला इजा केली. या वेळी कंपनी सुटली. कंडक्टरचं काम तिकिटांचं. बस हाकण्याचा अधिकार त्याला कंपनीने दिल्याचा पुरावा नव्हता.

फरक केसाएवढा दिसतो, पण सगळा निवाडा त्यावर उभा आहे. नेमून दिलेलं काम मनाई केलेल्या रीतीने केलं, तर मालक अडकतो. नोकराने नेमून न दिलेलंच काम अंगावर घेतलं, तर बहुधा सुटतो. म्हणून अशा दाव्यात ‘मालकाने परवानगी दिली होती का?’ हा प्रश्न पुरत नाही. त्या घटकेला काम कोणाचं चाललं होतं, हे शोधावं लागतं.

हा शोध किती अवघड असतो ते 1966 च्या एका निकालात दिसतं. अहमदाबादच्या एका मालकाने आपली गाडी टॅक्सी म्हणून चालवायला एका माणसाकडे सोपवली होती. त्या माणसाने ती गाडीवरच्या क्लीनरच्या हाती दिली, ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेसाठी. परीक्षा चालू असताना अपघात झाला आणि एकजण जखमी झाला. गाडी मालकाची, ती मालकानेच सोपवलेली, पण त्या क्षणी ती टॅक्सीच्या धंद्यावर होती का? सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ‘नाही’ म्हटलं आणि मालक सुटला. तिसरे न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे पटलं नाही. त्यांनी वेगळा निकाल लिहिला. मला स्वतःला बहुमताचा निकाल तर्काला धरून वाटतो, पण जखमी माणसाच्या बाजूने पाहिलं की सुब्बा रावांचं पारडं जड होतं. त्याच्या अंगावर आलेली गाडी टॅक्सीच्या भाड्यावर आहे की लायसन्सच्या परीक्षेवर, हे त्याला कळणार तरी कसं?

हीच कसोटी पांढुर्ण्याच्या वाटेवर लावून पाहू. मृताच्या कुटुंबापुढे दोन अडथळे होते. पहिला, हयगय सिद्ध करण्याचा. जी बायकामुलं गाडीत नव्हतीच, त्यांनी गाडी का वळली हे सांगायचं कसं? इथे एक जुनं तत्त्व त्यांच्या मदतीला आलं: घटनाच बोलते. सरळ रस्त्यावरची गाडी चालवणाऱ्याने नीट चालवली, तर एरवी चुकीच्या बाजूला जाऊन झाड उखडत नाही. झाड, गाडीचा चुराडा झालेला पुढचा भाग आणि मागे सरकलेलं इंजिन, हीच साक्ष झाली. आता हयगय नव्हती हे दाखवण्याचं ओझं उलट कंपनीवर आलं, आणि तिला ते पेलता आलं नाही.

दुसरा अडथळा कामाच्या ओघाचा. न्यायाधिकरणाने कुटुंबाला 31 हजार रुपयांहून थोडी अधिक भरपाई दिली होती, पण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीचं म्हणणं असं की त्या प्रवाशाचा कंपनीशी काही संबंध नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1977 मध्ये निकाल फिरला. तो फिरवणारी गोष्ट कंपनीच्या बाजूच्याच साक्षीत होती: मॅनेजर पांढुर्ण्याच्या जिनिंग फॅक्टरीत रक्कम पोचवायला निघाला होता. म्हणजे फेरी कंपनीची होती. शेजारच्या सीटवर कोण बसलं याने ती मॅनेजरची खासगी सहल होत नाही. शिवाय मॅनेजरसारख्या माणसाकडे गाडी सोपवली की कोणाला बरोबर घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे असल्याचं जगाला दिसतं, आणि असा दिसणारा अधिकार कंपनीला बांधतो.

म्हणून असे दावे लढणारे वकील अपघाताच्या पंचनाम्याइतकेच त्या दिवशीच्या कागदांच्या मागे लागतात. लॉगबुकात फेरी कुठली लिहिली आहे, डिझेलची पावती कोणाच्या नावावर फाडली, माल उतरवल्याचं चलन कोणत्या गावचं आहे, गाडी नेहमीची वाट सोडून किती आणि कशासाठी आत गेली? जेवायला ढाब्यावर थांबलेला चालक अजून मालकाच्याच कामावर मानला जाऊ शकतो. ट्रक उलट दिशेला मामाच्या गावच्या लग्नाला वळवणारा नाही. आणि त्या लग्नाहून तो परत ठरलेल्या वाटेला लागला, तर कितव्या मैलावर तो पुन्हा मालकाचा झाला, यावर कोर्टात दिवसच्या दिवस युक्तिवाद होऊ शकतो.